बचत गटाच्या खतावणीचा फोटो तक्त्यात उतरवला, पण ताळा जुळत नाही

बचत गटाची मासिक बैठक झाली की सचिव किंवा लेखापाल ताई वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. तो फोटो बघून कुणीतरी स्प्रेडशीटमध्ये सभासदवार बचत, कर्जाचा हप्ता आणि बाकी भरतं. कधी हाताने टाइप करून, कधी फोटोतून आकडे उचलणाऱ्या ॲपने. खाली बेरीज मांडली की वहीतल्या बेरजेशी जुळत नाही. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून एकेक आकडा डोळे ताणून बघायचा. दोन चुका सापडतात, तिसरी राहते, आणि पुढच्या महिन्यात तेच.

डोळ्यांनी पुन्हा वाचण्याचा उपाय मुळात कच्चा आहे. ज्या डोळ्याने ९ चा १ वाचला, तोच डोळा दुसऱ्यांदाही बहुधा १ च वाचतो. खतावणीत मात्र प्रत्येक आकडा दोन-तीन हिशोबांत अडकलेला असतो. ते हिशोब स्प्रेडशीटला करायला लावले तर चूक कोणत्या घरात आहे हे ती स्वतःच दाखवते, आणि मग तेवढंच घर मोठं करून बघायचं.

आधी रकान्यांचा अर्थ पक्का करा

गटागटाच्या वह्या वेगळ्या असतात. छापील वहीत मुद्दल आणि व्याज बहुधा वेगळे असतात, पण हाताने आखलेल्या वहीत नुसता 'हप्ता' असा एकच रकाना असू शकतो आणि त्यात मुद्दल अधिक व्याज असं एकत्र लिहिलेलं असतं. हे न बघता तो आकडा 'मुद्दल'खाली टाकला की हिशोब बिघडलाच.

याची खूण सोपी आहे. चूक एका-दोन ओळींत नसते, कर्ज असलेल्या सगळ्याच ओळी बिघडतात, आणि प्रत्येक ओळीतला फरक बरोबर त्या सभासदाच्या व्याजाएवढा येतो. समजा मागील बाकी १४,०००, हप्ता १,२८०, अखेर बाकी १३,०००. चौदा हजारांतून १,२८० वजा केले तर १२,७२० उरतात. फरक २८० चा, आणि दरमहा दोन टक्क्यांनी १४,००० चं व्याजही २८० च. म्हणजे वाचण्यात काही चुकलेलं नाही, रकाना चुकीचा समजला गेला. अशा वेळी एकही आकडा बदलू नका, फक्त हप्त्याचे दोन भाग करा.

'शिल्लक' शब्दाचंही तसंच. काही वह्यांत ती सभासदाची कर्जबाकी असते, काहींत त्याची एकूण जमा बचत, आणि पानाच्या तळाशी हाच शब्द गटाच्या हातातल्या रोख रकमेसाठी येतो. लिहिणाऱ्या ताईंना एकदा फोन करून विचारलेलं बरं. शिवाय एखाद्या सभासदाकडे गटाचं अंतर्गत कर्जही असतं आणि बँकेकडून आलेल्या कर्जातला वाटाही. दोन्हींचा व्याजदर वेगळा असू शकतो, म्हणून ती दोन कर्जं दोन ओळींत ठेवा. एकत्र केलीत तर खालचा व्याजाचा ताळा निरुपयोगी होतो.

आकडे जिथे फसवतात

एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असणं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. तारीख इंग्रजीत, रकमा मराठीत, आणि मध्येच घाईत लिहिलेला एखादा इंग्रजी आकडा. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 हाताने लिहिल्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. ४ ची वरची दोन टोकं एकमेकांना चिकटली की तो इंग्रजी 8 वाटतो. देवनागरी आकड्यांतही १ आणि ९ ची गल्लत ठरलेली, कारण ९ चा डावीकडचा फाटा पुसट झाला की उरतो तो १.

यावर एक युक्ती आहे, ती फार कमी लोक वापरतात. पानावर अनुक्रमांकाचा रकाना असतो, आणि तो हाताने लिहिलेला असेल तर त्यात १ पासून १० पर्यंतचे आकडे त्याच हाताच्या वळणात, त्याच पेनाने, आणि कोणता आकडा कोणता हे आधीच माहीत असलेले असे तयार मिळतात. शंका आली की त्या घरातला आकडा अनुक्रमांकातल्या १ आणि ९ शेजारी ठेवून बघा. अनुक्रमांक छापील असतील तर वरची तारीख किंवा सरसकट शंभरच्या बचतीचे आकडे त्याच कामाला येतात.

दुसरा चोर म्हणजे रकमेपुढची '/-' ही खूण. '१००/-' मधली तिरकी रेघ एक समजली जाते आणि शंभराचे एक हजार एक होतात. बचतीच्या रकान्यात असा आकडा आला की लगेच डोळ्यांत भरतो, कर्जाच्या रकान्यात मात्र लपून राहतो. शेवटी १ असलेले सगळे आकडे एकदा तपासून घेतले की हा प्रश्न मिटतो.

आकडे देवनागरीत टाइप केले असतील किंवा ॲपने तसे आणले असतील, तर स्प्रेडशीट त्यांना बहुतेक वेळा आकडा न मानता मजकूर मानते, आणि बेरीज शून्य किंवा अर्धवट येते. घरातला आकडा डाव्या कडेला चिकटलेला दिसला तर तो मजकूर आहे असं समजा. ताळे लावण्याआधी खालचं सूत्र मोकळ्या रकान्यात वापरून आकडे बदलून घ्या आणि ते मूळ घरांत फक्त मूल्य म्हणून चिकटवा. गुगल शीट्स आणि एक्सेलची नवी आवृत्ती, दोन्हींत चालतं:

```
=IF(B2="","",IFERROR(VALUE(SUBSTITUTE(REDUCE(B2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(a,i,SUBSTITUTE(a,UNICHAR(2406+i),i))),",","")),B2))
```

२४०६ हा देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक, त्यापुढे ओळीने नऊपर्यंतचे आकडे येतात. रकमेतले स्वल्पविरामही हे सूत्र काढून टाकतं. घरात नुसती आडवी रेघ असेल तर ती तशीच राहते, आणि ती तशीच राहायला हवी. का, ते पुढे येतंच.

एक पान सुरुवातीपासून

दहा सभासदांचा गट, अंतर्गत कर्जाला दरमहा दोन टक्के व्याज. फोटोवरून पहिल्या फेरीत तयार झालेला कर्जाचा तक्ता असा आहे:

| क्र. | मागील बाकी | मुद्दल | व्याज | नवीन कर्ज | अखेर बाकी |
|---|---|---|---|---|---|
| १ | १०,००० | १,००० | २०० | – | ९,००० |
| २ | – | – | – | १०,००० | १०,००० |
| ३ | ५,००० | ५०० | १०० | – | ४,५०० |
| ४ | १२,००० | १,००० | २८० | – | ११,००० |
| ५ | – | – | – | – | – |
| ६ | १,००० | ५०० | १८० | – | ८,५०० |
| ७ | ८,००० | – | १६० | – | ७,००० |
| ८ | – | १,००० | – | – | – |
| ९ | १४,००० | १,००० | २८० | – | १३,००० |
| १० | – | – | – | – | – |
| तक्त्याची बेरीज | ५०,००० | ५,००० | १,२०० | १०,००० | ६३,००० |
| वहीतली बेरीज | ५८,००० | ५,००० | १,१६० | १०,००० | ६३,००० |

नुसत्या बेरजा बघितल्या तर दोन रकाने चुकलेत असं वाटतं, मागील बाकी आणि व्याज. मुद्दल, नवीन कर्ज आणि अखेर बाकी हे तीन रकाने जुळलेत. खरं तर मुद्दलाच्या रकान्यातही चूक आहे, पण बेरजेला ती दिसत नाही.

आता तक्त्याच्या उजवीकडे दोन रकाने वाढवा. A मध्ये क्रमांक आणि B ते F मध्ये वरचे पाच रकाने आहेत असं धरून:

```
G2:  =N(B2)-N(C2)+N(E2)-N(F2)
H2:  =N(D2)-ROUND(N(B2)*0.02,0)
```

पहिलं सूत्र सांगतं की मागील बाकीतून मुद्दल वजा करून नवीन कर्ज मिळवलं की अखेर बाकी यायला हवी, म्हणजे G मध्ये शून्य. दुसरं सांगतं की व्याज मागील बाकीच्या दोन टक्के हवं. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल तर ०.०२ बदला. N() घातलंय ते आडव्या रेघेमुळे सूत्र अडखळू नये म्हणून. पण लक्षात ठेवा, मजकूर राहून गेलेला देवनागरी आकडाही N() शून्यच धरतं. म्हणून आकडे बदलण्याचं काम आधी.

सूत्रं खालपर्यंत ओढली की दहापैकी सहा ओळींत दोन्हीकडे शून्य येतं. त्या ओळी सोडून द्या. उरतात चार.

ओळ सहा: G मध्ये उणे ८,०००, H मध्ये १६०. मागील बाकीच्या रकान्याची बेरीजही बरोबर ८,००० नेच कमी होती. ओळीतला फरक आणि रकान्यातला फरक एकच असेल, तर चूक ती ओळ आणि तो रकाना जिथे छेदतात त्याच घरात आहे. फरकाचा पहिला आकडा आठ आणि पुढे शून्यं, म्हणजे नऊचा एक झालाय, कारण नऊ वजा एक आठ. एक हजारावर १८० व्याज कुणी घेत नाही, नऊ हजारांवर घेतात. फोटो मोठा करून बघितला तर ९ चा फाटा वहीच्या आखलेल्या रेघेत मिसळलेला दिसेल.

ओळ चार: G शून्य, H मध्ये ४०. व्याज बाकीच्या हिशोबात येतच नाही, त्यामुळे व्याज चुकलं तरी ओळीचा ताळा बिनबोभाट जुळतो. इथे व्याजाच्या रकान्याची बेरीजही ४० नेच जास्त आहे. बारा हजारांचे दोन टक्के २४०, आणि तक्त्यात २८०. वरची टोकं चिकटलेला ४ इंग्रजी आठ म्हणून वाचला गेलाय.

ओळ सात आणि आठ: सातमध्ये G अधिक १,०००, आठमध्ये उणे १,०००, H दोन्हीकडे शून्य. लागून असलेल्या दोन ओळींत सारखाच फरक, पण एक अधिक आणि एक उणे असेल, तर आकडा बरोबर वाचलाय आणि एक ओळ खाली सरकलाय. सातव्या सभासदाचे हजार आठव्याच्या नावावर गेले. रकान्याची बेरीज याने तसूभरही हलत नाही. म्हणूनच 'बेरीज जुळली, पान झालं' असं म्हणणं धोक्याचं. गटाचा हिशोब बरोबर राहतो आणि एका बाईचा हप्ता दुसरीच्या खात्यावर जमा होतो.

ओळ सरकते ती फोटोमुळे

वही मधोमध फुगलेली असते. नावं डाव्या पानावर आणि कर्जाचे रकाने उजव्या पानावर असतील, तर शिवणीजवळ ओळ वाकते आणि पलीकडे अर्ध्या ओळीने वर किंवा खाली निघते. यावर तक्त्यात डोकं लढवण्यापेक्षा फोटो बदलणं स्वस्त पडतं. दोन्ही पानांचे वेगळे फोटो मागवा, फोन पानाच्या बरोबर वर धरून, आणि शिवणीजवळ पान हाताने दाबून सपाट करून. उजव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने अनुक्रमांक पुन्हा लिहायला सांगा, एवढ्याने सरकासरकी जवळपास थांबते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. स्कॅनर ॲपचं काळं-पांढरं फिल्टर मात्र नको. पेन्सिलीच्या नोंदी आणि ९ चे पुसट फाटे नेमके तेच खातं.

बचतीचा रकाना फार सरळ दिसतो

कर्जाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बचत सोपी वाटते. सगळ्या जणींचे शंभर, पहिल्या ओळीत '१००' आणि खाली वरीलप्रमाणेच्या खुणा. टाइप करणारा पहिलं घर भरतो आणि खालपर्यंत ओढतो. बेरीज १,०००, वहीतही १,०००.

याच पानावर पाचव्या सभासद गैरहजर होत्या, त्यांचं घर रिकामं आहे. आठव्या मागच्या बैठकीला आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी या वेळी २०० भरले. एक घर शून्य, एक दोनशे, बाकी आठ जणींचे शंभर, बेरीज तीच १,०००. ओढून भरलेल्या तक्त्यात दोघींचीही बचत चुकलेली आणि बेरजेला त्याचा पत्ताही नाही. खरी चाहूल दंडाच्या रकान्यात आहे. आठव्या ओळीत १० रुपये दंड लिहिलाय, आणि दंड उगीच कुणी देत नाही.

हे पकडायला एकूण बचतीचा रकानाही उतरवा, जरी अहवालाला तो लागत नसला तरी. मागील एकूण अधिक चालू बचत म्हणजे नवी एकूण. पाचव्यांची एकूण बचत आधी २,४०० आणि आताही २,४००, म्हणजे चालू बचत शून्यच. आठव्यांची २,३०० वरून २,५०० झाली, म्हणजे दोनशेच.

आता त्या आडव्या रेघेबद्दल. वहीत तीन वेगळ्या गोष्टी असतात: रेघ, रिकामं घर आणि लिहिलेलं शून्य. रेघ म्हणजे साधारणपणे 'लागू नाही', कर्जच नाही तर हप्ता कसला. रिकामं घर म्हणजे यायला हवं होतं पण आलं नाही, किंवा लिहायचं राहिलं. तक्त्यात या सगळ्यांचं शून्य करून टाकलं की थकबाकीदार आणि बिनकर्जी सभासद एकसारख्या दिसू लागतात. म्हणून रेघ रेघच ठेवा, रिकामं रिकामंच.

शेवटचा ताळा रोखवहीशी

त्या दिवशीची जमा म्हणजे बचत, मुद्दल, व्याज आणि दंड. या पानावर १,००० अधिक ५,००० अधिक १,१६० अधिक १०, एकूण ७,१७०. रोखवहीत त्या तारखेला सभासदांकडून जमा तेवढीच हवी. रोखवहीच्या पानाचाही फोटो मागवा. दंडासारखी छोटी रक्कम सुटली तर ती इथेच सापडते.

तरीही जुळत नसेल तर

व्याजाचा ताळा उणे आला तर लगेच वाचण्यातली चूक समजू नका. सभासदाने त्या महिन्यात व्याज भरलंच नसेल, किंवा अर्धं भरलं असेल. कर्ज दोन बैठकांच्या मधे दिलं असेल तर काही गट दिवसांवर व्याज काढतात. अशा ओळींपुढे 'विचारा' एवढंच लिहून ठेवा.

ओळीचा ताळा फसतो अशीही एक जागा आहे. मागील बाकी ९,५०० आणि अखेर बाकी ९,०००, दोन्हींत ९ चा १ झाला तर १,५०० वजा ५०० बरोबर १,०००, ओळ जुळते. तिथे व्याज १९० असेल तर H मध्ये १६० चा फरक उभा राहतो. आणि मागच्या महिन्याचा तक्ता हाताशी असेल तर त्यातली अखेर बाकी हीच या महिन्याची मागील बाकी. ती वाचण्याऐवजी थेट मागच्या तक्त्यातून आणा आणि फोटोतल्या आकड्याशी फक्त ताडून बघा. वाचायचा एक अख्खा रकाना कमी होतो.

सगळ्या ओळी जुळतात, व्याज जुळतं, मागच्या महिन्याशी मेळ बसतो, आणि फक्त तळाची बेरीज शंभर-पाचशेने वेगळी येते, तेव्हा चूक बहुधा वहीतलीच असते. बैठकीच्या गडबडीत हाताने केलेली बेरीज चुकते, त्यात नवल काही नाही. फरकाला नऊने भाग जात असेल तर उलटसुलट लिहिलेले आकडे शोधा, ५४० च्या जागी ४५० असे. पण वहीतली चूक तक्त्यात गुपचूप दुरुस्त करू नका. वहीतला आकडा एका रकान्यात, हिशोबाने येणारा शेजारच्या रकान्यात, आणि पुढे पान क्रमांक. तुम्ही तक्ता सुधारलात आणि वही तशीच राहिली, तर पुढच्या महिन्याची मागील बाकी चुकीच्याच आकड्यापासून सुरू होईल आणि दोन हिशोब कायमचे वेगळ्या वाटेला लागतील.

वही आणि हिशोब यांत एखाद्या सभासदाच्या बाकीवरून फरक उरलाच, तर निकाल तिच्या पासबुकावरच्या नोंदीवरून लावा. त्यावर बैठकीत तिच्यासमोर लिहिलेलं असतं. पासबुकाचं तेवढंच पान मागवा, नावाऐवजी सभासद क्रमांक वापरा, आणि कुणावर किती कर्ज आहे हे दाखवणारा तक्ता मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सचिवांनी वहीत दुरुस्ती करून शेजारी सही केली की त्या पानाचा नवा फोटो घ्या आणि जुना त्याच फोल्डरमध्ये 'दुरुस्तीपूर्वी' नावाने ठेवा.